दळायच्या आधी की दळल्यावर

पाय मोडला तेव्हा अप्पांना पायाचं काही वाटलं नाही. हातातला ट्रे पालथा झाला आणि तयार बिस्किटं जिन्यावरून गडगडत खाली गेली, त्याचंच दुःख झालं. डॉक्टरांनी पोटरीपासून मांडीपर्यंत प्लास्टर घातलं आणि सांगितलं, की महिनाभर जमिनीला पाय लावायचा नाही. अप्पा म्हणाले, "आणि बेकरी?" डॉक्टर म्हणाले, "बेकरीला पाय नाही मोडलेला."

हे वाक्य अप्पांना फार लागलं. बेकरी त्यांच्याशिवाय चालेल, असा त्याचा सरळ अर्थ होता.

घर बेकरीच्या वरच होतं. खाली दुकान, दुकानामागे भट्टीची खोली, तिच्या बाजूला साठवणीची खोली आणि कोपऱ्यातून वर येणारा अरुंद लोखंडी जिना. अप्पांची खाट ज्या खोलीत होती तिच्या बरोबर खाली मोठा मिक्सर होता. तो सुरू झाला की खाटेचे पाय थरथरायचे. त्या थरथरीवरून अप्पांना कळायचं, बटर फेटलं जातंय की मैदा पडला. एवढं कळायचं आणि करता काही यायचं नाही. माणसाला यापेक्षा वाईट शिक्षा कुठली?

नेमका भट्टीवरचा जुना माणूस बहिणीच्या लग्नाला गेला होता. म्हणून मुंगी आली.

मुंगी म्हणजे त्यांची एकुलती एक लेक. लहानपणी साखरेच्या पोत्याभोवती सापडायची म्हणून हे नाव पडलं आणि तिशी ओलांडली तरी सुटलं नाही. ती दुसऱ्या शहरात एका मोठ्या बिस्किट कारखान्यात पाळीची प्रमुख होती. चार वर्षांपूर्वी ती इथेच, अप्पांच्या हाताखाली काम करत होती. मग एक दिवस तिने पगारातून इलेक्ट्रॉनिक काटा आणला. अप्पांनी तो आठवडाभर पाहिला आणि म्हणाले, "माझं माप काय वाईट आहे?"

माप म्हणजे कान वाकलेला अॅल्युमिनियमचा मग. त्याच्यावर त्यांची सगळी बेकरी उभी होती. लोण्याच्या बिस्किटांना अर्ध्या किलोच्या पाच लाद्या बटर, सात मापं पिठीसाखर, इतकी मापं मैदा. हिशेब डोक्यात, माप हातात.

मुंगी तेव्हा म्हणाली होती, "माप वाईट नाही अप्पा. पण ते जागा मोजतं. वजन नाही मोजत."

"तीस वर्षं गिऱ्हाईक खातंय. त्यांना जागा खायला घालत होतो का मी?"

त्यातून शब्दाला शब्द वाढला. तिने बॅग भरली. त्यांनी अडवलं नाही. तेव्हापासून बापलेकीचं बोलणं आईमार्फत. दोघांच्याही खिशात फोन होते, पण फोन आईला यायचा आणि आईकडूनच जायचा. "त्यांना सांग, सणाला येत नाही." "तिला विचार, तब्येत कशी आहे." आई म्हणजे त्या घरातलं टपालखातं होतं, आणि पाय मोडल्यापासून हे टपालखातं जिन्यावर धावायला लागलं होतं.

त्या दिवशी मोठी ऑर्डर होती. कोपऱ्यावर एक दंतवैद्यबाई नवा दवाखाना उघडणार होत्या आणि येणाऱ्या प्रत्येकाला खोका द्यायचा म्हणत होत्या. खोक्यात लोण्याची बिस्किटं, ब्राउन शुगरच्या कुकीज आणि छोटे स्पंज केक. "दातांचा दवाखाना आणि वाटायला गोड," आई म्हणाली होती, "बाई धंद्यात हुशार दिसते." संध्याकाळी खोके न्यायला गाडी येणार होती.

सकाळी साखरेची गाडी आली आणि अप्पांनी खिडकीतून मान वाकडी करून पाहिलं. पोती उतरली. सगळी एकसारखी. पिठीसाखरेचं पोतं त्यात दिसेना.

"अगं, ऐकलंस का! खाली जा. पिठीसाखर आली का बघ."

आई गेली आणि धापा टाकत आली. "नाही आली. घाऊकवाल्याकडे माल नाही म्हणे. पिठी नाही, ती केकची बारीक नाही, ब्राउनही नाही. सगळी साधीच दाणेदार आहे. मुंगी म्हणते, चालवून घेऊ."

"चालवून घेऊ म्हणजे काय?"

"दळते म्हणते."

अप्पा उशीवर टेकले. दळायला हरकत नव्हती. पिठीसाखर म्हणजे तरी काय, दळलेली साखरच. पण त्यांनी स्वतः कधी दळली नव्हती. त्यांच्याकडे पोती तयारच यायची, आणि दाणेदार साखर ते फक्त पाकाला वापरायचे. हे मात्र त्या वेळी त्यांच्या मनात आलं नाही.

"तिला सांग, सात मापं. कमी नको, जास्त नको. तिच्या कारखान्याचं काहीबाही इथे नको."

आई उतरली. अप्पांनी कान दिला. खाली कुजबुज झाली. मग जिन्यावर पुन्हा चपला.

"ती विचारते," आई दारातच थांबून म्हणाली, कारण आत यायचं त्राण नव्हतं, "सात मापं दळायच्या आधी की दळल्यावर?"

"म्हणजे?"

"मला काय माहीत म्हणजे? तिने विचारलं, मी सांगितलं. दळायच्या आधी मोजायची की दळल्यावर मोजायची."

अप्पांचं डोकं तडकलं. हा प्रश्न नाही, टोमणा आहे, असं त्यांना वाटलं. चार वर्षांनी आली आणि पहिल्याच दिवशी परीक्षा घेते. "सात म्हणजे सात! साखर तीच ना? दळली म्हणून काय आठ होणार आहे? तिला म्हणावं, प्रश्न कमी आणि काम जास्त."

"असंच सांगू?"

"असंच सांग."

आईने असंच सांगितलं. खाली मापाचा आवाज आला, पोत्यात खुपसल्याचा आणि ओतल्याचा, आणि अप्पांनी बोटांवर मोजलं. सात. बरोबर. मग घरघर सुरू झाली. साखर दळली जात होती. थोडी थोडी, मध्ये थांबत थांबत, भांडं तापू नये म्हणून. ही गोष्ट पोरीला कळते, असं अप्पांना वाटलं आणि त्यांना ते आवडलं नाही.

घरघर संपली. मोठा मिक्सर लागला. खाटेचे पाय थरथरायला लागले आणि अप्पांचं लक्ष त्यातच अडकलं. बटर आणि पिठीसाखर एकत्र फिरते तेव्हा आवाज आधी जड असतो आणि मग हलका होत जातो. आज तो हलका होत नव्हता. जडच राहिला. त्यांनी कूस बदलायचा प्रयत्न केला. प्लास्टरने नकार दिला. पेपर उघडला, मिटला. पाणी प्यायले. पुन्हा खिडकीतून पाहिलं, तर समोरचा गॅरेजवाला एका गाडीखाली आरामात झोपून काम करत होता. झोपूनही काम करता येतं, आपल्यालाच येत नाही.

"अहो, जरा पडून राहा ना," आई म्हणाली. ती दारातल्या स्टुलावर बसून गुडघे चोळत होती.

"पडूनच आहे. दुसरं काय करतोय?"

भट्टीचं दार उघडल्याचा आणि बंद झाल्याचा आवाज आला. आता वास. अप्पांना वासाची खात्री होती. लोण्याच्या बिस्किटांचा आधी बटरचा वास वर येतो, मऊ, दुधासारखा. मग मैदा भाजल्याचा. साखरेचा वास शेवटी, तोही असला तर असला.

आज साखरच आधी आली.

नुसती आली नाही, धावत आली. गोड, मग दाट गोड, आणि मग त्या गोडाच्या पाठीवर बसून कडसर. अप्पा ताडकन उठून बसले.

"जळतंय!"

"मी बघून येते."

"तू नको! तू गेलीस की निरोप घेऊन येशील. मला निरोप नको." आणि त्यांनी दोन्ही हातांनी प्लास्टर उचललं आणि पाय खाटेवरून खाली सोडला.

आईने काय काय म्हटलं ते सांगण्यात अर्थ नाही. अप्पा खुरडत जिन्यापर्यंत गेले, पहिल्या पायरीवर बसले, मोडका पाय समोर तोफेसारखा धरला आणि बसल्या बसल्या एकेक पायरी उतरायला लागले. आई वरून त्यांच्या बनियनला धरून होती. तिला वाटत होतं, ती त्यांना सांभाळते आहे. खरं तर ते पडले असते तर दोघंही गेली असती.

भट्टीच्या खोलीत मुंगी ट्रे बाहेर काढत होती. तिने वळून पाहिलं. बाप शेवटच्या पायरीवर बसलेला, घामाने निथळत. तिच्या चेहऱ्यावर राग आला, भीती आली, आणि मग तिने ट्रे टेबलावर ठेवला आणि गोण्या ओढून त्यांच्यासमोर आणल्या.

"पाय इथे ठेवा. आणि हलू नका."

अप्पांनी पाय ठेवला, पण नजर ट्रेवर होती. बिस्किटं नव्हतीच. एक सपाट, तकतकीत, तांबूस पत्रा होता. पसरून एकमेकांत मिसळलेला, कडांना काळा पडलेला. मधल्या भागात फेस येऊन विझल्याच्या खुणा. दुसरा ट्रेही तसाच.

"हे काय केलंस?"

"तुम्ही सांगितलंत ते. सात मापं, दळायच्या आधी."

"मी दळायच्या आधी कधी म्हणालो?"

"मी विचारलं होतं. तुम्ही म्हणालात, सात म्हणजे सात." ती शांत बोलत होती, पण हातातलं फडकं पिळत होती. "मला ठाऊक होतं जास्त होणार. म्हणून दोनच ट्रे भरले. बाकी गोळा तसाच आहे."

"ठाऊक होतं आणि भट्टीत घातलंस?"

"काय करणार होते? आईला पुन्हा जिना चढवू? तुम्ही पुन्हा तेच म्हणाला असतात. बोलण्याने तुम्हाला कळत नाही, अप्पा. वास मात्र कळतो. म्हटलं, वास पाठवावा वर."

आई जिन्यावर उभी होती, तिने तोंडावर हात ठेवला. तो धक्क्याने ठेवला की हसू आवरायला, ते तिलाच माहीत.

अप्पा ओरडले असते. ओरडायला तोंड उघडलंही होतं. पण त्या पत्र्यासारख्या बिस्किटांकडे पाहताना त्यांच्या डोक्यात एक गोष्ट घुटमळत होती आणि ती सुटत नव्हती. साखर तीच. माप तेच. मोजणी सात. मग ही जास्तीची साखर आली कुठून?

"दाखव," ते म्हणाले.

मुंगीने माप उचललं, पोत्यातली दाणेदार साखर काठोकाठ भरली, चाकूच्या पाठीने सपाट केली आणि काट्यावर ओतली. काटा तोच होता, तिने आणलेला. तो इतकी वर्षं साठवणीच्या खोलीत फळीवर पडून होता आणि आईने गुपचूप त्याच्या बॅटऱ्या बदलल्या होत्या. आकडा आला तीनशे चाळीस.

"आता हीच साखर." तिने ती दळणीच्या भांड्यात घातली, दळली, झाकण न उघडता थोडं थांबली. "धूळ खाली बसू दे, नाहीतर नाकात जाते." मग ती पुन्हा त्याच मापात ओतायला लागली.

माप भरलं. भांड्यात साखर उरलीच होती. बरीच उरली होती. मुंगीने ती वर ओतली तेव्हा ढीग झाला आणि मापाच्या चारी बाजूंनी पांढरी धूळ टेबलावर सांडली.

"अगंबाई, वाढली की!" आई खाली उतरून आली.

"वाढली नाही. सगळी पुन्हा काट्यावर टाकते." तीनशे चाळीस. एखादा ग्रॅम कमी, जो टेबलावर आणि आईच्या पदरावर होता. "वजन तेच. दाण्यांच्या मध्ये आता हवा बसली. म्हणून जागा जास्त लागते. आता दळलेलीचं एकच सपाट माप घेते." तिने घेतलं. काटा दोनशेच्या जवळ थांबला. "तुमच्या मापात पिठीसाखर मावते दोनशे ग्रॅम. सात मापं, म्हणजे चौदाशे. हे तुमचं बिस्किट. आणि दाणेदारची सात मापं दळून घातली की होतात जवळपास दोन किलो चारशे. एक किलो साखर जास्त. तुम्हाला चौदाशे हवी असेल तर दाणेदारची चार मापं आणि वर तीन मोठे चमचे, बस."

अप्पा बराच वेळ मापाकडे बघत राहिले. त्याचा वाकडा कान, आतली घासून पांढरी झालेली कड. ते त्यांच्याशी कधी खोटं बोललं नव्हतं. तेही खरं होतं. सात मापं पिठीसाखर घातली की बिस्किट उत्तम व्हायचं, तीस वर्षं झालं. फक्त हे माप काय मोजतं, हे त्यांनी त्याला कधी विचारलं नव्हतं.

"आणि मी वरून मोजत होतो," ते स्वतःशीच म्हणाले. "बोटांवर. सात झाले म्हणून खूश."

मुंगी मिक्सरच्या भांड्यातल्या गोळ्याकडे बघत होती. चिकट, जड, कडेला घट्ट बसलेला. "हा टाकावा लागेल. बटरही गेलं. नवीन करायचं तर आणखी पाच लाद्या..."

"टाकायचा कशाला?" अप्पांचा आवाज बदलला. हा प्रश्न त्यांच्या हातातला होता. "साखर काढता येत नाही, पण बाकी वाढवता येतं. बटर वाढव, मैदा वाढव. आधी बटर वेगळं फेट, हलकं होऊ दे. मग हा गोळा तोडून तोडून त्यात सोड, शेवटी मैदा. जास्त फिरवायचं नाही, नाहीतर बिस्किट दगड होईल."

"किती वाढवू?"

किती, हे अप्पांना येत नव्हतं. उरलेल्या गोळ्यात किती साखर आहे, हे माप सांगू शकत नव्हतं. माप आधी भरायचं असतं, मागून विचारायचं नसतं.

"ते तू सांग," ते म्हणाले.

तिने गोळा काट्यावर तोलला आणि भिंतीला टेकून पुटपुटत हिशेब केला. दोन ट्रेमध्ये एक चतुर्थांश गेला. पाऊण उरला. त्यात साखर पावणेदोन किलोहून थोडी जास्त. तेवढ्या साखरेला बटर हवं तीन किलो दोनशेच्या आसपास, आहे एक किलो नऊशेच्या आत. "एक किलो तीनशे बटर. दोन किलो शंभर मैदा."

"मग उभी काय राहिलीस? बटर बाहेर काढ, थंड असेल."

पुढचे दोन तास अप्पा त्या गोण्यांवर पाय ठेवून बसले आणि एक क्षण गप्प बसले नाहीत. बटर पुरेसं पांढरं झालं नाही. गोळा मोठे तुकडे करून टाकू नकोस. मिक्सर कमी कर, कमी कर, बंद! मुंगी दातओठ खात ऐकत होती. एकदा तिने झाऱ्याने टेबलावर एवढ्या जोरात ठोकलं की आई दुकानातून आत डोकावली. पण नवीन ट्रे भट्टीत गेला आणि थोड्या वेळाने आधी बटरचा वास आला, मऊ, दुधासारखा, तेव्हा दोघांनीही एकाच वेळी नाक वर केलं.

स्पंज केकला बारीक साखर लागायची, पिठी नव्हे, पण दाणेदारपेक्षा बारीक. आई म्हणाली, "हे मी करते," आणि तिने दळणीचं बटण दाबून धरलं.

"आई, सोड! सोड!" मुंगी ओरडली. "तीनच झटके द्यायचे. पीठ झालं तर बटर फेटताना हवा धरणारच नाही. दाण्यांच्या टोकांनी हवा आत जाते. मोठा दाणा ठेवला तर तो विरघळत नाही आणि केकवर ठिपके येतात. याला मधलं पाहिजे."

"तुम्हाला बापलेकीला सगळंच मधलं पाहिजे असतं तर बरं झालं असतं," आई म्हणाली आणि तीन झटके दिले. साखर चाळली. मुंगीने ती मापात भरून तोलली तेव्हा दाणेदारच्या मापापेक्षा जेमतेम दहा ग्रॅम जास्त भरली. इथे माप आणि काटा भांडत नव्हते.

भांडण झालं ब्राउन शुगरवरून.

मुंगीने दाणेदार साखर परातीत घेतली, वर काकवीची धार सोडली आणि बोटांनी चोळायला लागली. साखर आधी पिवळी झाली, मग ओलसर तपकिरी. अप्पांची कुकी तीन मापं ब्राउन शुगरची. मुंगीने चमच्याने अलगद माप भरलं, सपाट केलं, तोललं. अडीचशे. "तीन मापं म्हणजे साडेसातशे. ही पुरे आहे."

"पुरे नाही," अप्पा म्हणाले.

"काटा सांगतोय, अप्पा."

"काट्याला काय माहीत मी कसं भरतो?" त्यांनी हात पुढे केला. "दे इकडे."

तिने परात त्यांच्यासमोर धरली. त्यांनी माप ओल्या साखरेत खुपसलं, काढलं, आणि मग अंगठ्याने दाबायला लागले. कडेने, मग मध्ये, मग पुन्हा कडेने. वर आणखी साखर, पुन्हा अंगठा. त्यांनी माप टेबलावर पालथं केलं आणि वर एक टपली मारली. साखर मापाच्या आकाराची उभी राहिली, न ढासळता, कानाच्या खिळ्याच्या खुणेसकट.

मुंगीने ती काट्यावर ठेवली. तीनशे साठ.

ती आकड्याकडे बघत राहिली. तीन मापं म्हणजे एक किलो ऐंशी. साडेसातशेने केली असती तर कुकी फिकी आणि कोरडी झाली असती, आणि तिला वाटलं असतं, काकवी कमी पडली.

"कारखान्यात आम्ही हे वजनानेच घेतो," ती हळू म्हणाली. "दाबलेलं, न दाबलेलं, तिथे प्रश्नच येत नाही. मी विचारायलाच विसरले."

"विचारलं असतंस तरी मी काय सांगणार होतो? दाबतो हे मला कुठे माहीत होतं. अंगठ्याला माहीत." अप्पांनी अंगठा चाटला. "आणखी साखर चोळ. काकवीही वाढव, त्याच हिशेबाने."

दुपारी दंतवैद्यबाई स्वतःच दुकानात आल्या, खोके झाले का बघायला. वास घेत आत डोकावल्या आणि प्लास्टर घातलेला माणूस साखरेच्या गोण्यांवर पाय टाकून बसलेला पाहून थबकल्या. "तुम्ही विश्रांती घ्यायला हवी होती."

"घेतोय ना," अप्पा म्हणाले. "बसलोय."

संध्याकाळी गाडी आली तेव्हा शेवटचे खोके अजून बांधायचे होते आणि सगळ्यांचीच धांदल उडाली. ड्रायव्हर दारात उभा राहून घड्याळ बघत होता. मुंगी सुतळी ओढत होती, आई झाकणं लावत होती, अप्पा बसल्या जागेवरून "सरळ ठेव, सरळ ठेव, केक आहेत त्यात" म्हणून ओरडत होते. गाडी गेली. बिस्किटं हिशेबापेक्षा जास्तच झाली होती, म्हणून आईने एक ट्रे दुकानात मांडला आणि गॅरेजवाल्याला हाक मारून मूठभर दिली.

मग प्रश्न आला, अप्पांना वर कसं न्यायचं. गॅरेजवाल्याने खांदा देऊ केला.

"वर नाही जायचं," अप्पा म्हणाले. "माझी खाट खाली आणा. साठवणीच्या खोलीत."

"पोत्यांमध्ये झोपणार?" आई म्हणाली.

"हो."

आईने क्षणभर विचार केला. जिन्याकडे बघितलं. "आणा," ती गॅरेजवाल्याला म्हणाली. "माझे गुडघे तरी वाचतील."

खाट आली. मैद्याची पोती एका बाजूला, साखरेची दुसऱ्या बाजूला, मधल्या पट्टीत अप्पा. दाराच्या चौकटीतून त्यांना भट्टी दिसत होती, टेबल दिसत होतं आणि टेबल पुसणारी मुंगी दिसत होती. आता खरं तर त्यांना स्वस्थ वाटायला हवं होतं. वाटत नव्हतं. दुसरीच काळजी लागली होती. तिची रजा किती दिवसांची आहे, हे त्यांनी आईला विचारलं नव्हतं, कारण आईने ते तिला जाऊन विचारलं असतं.

"मुंगे," त्यांनी हाक मारली.

ती दारात आली. हातात ओलं फडकं.

"तुझी रजा..."

"आठवडाभराची."

"आणि माझं प्लास्टर महिन्याचं."

"माहीत आहे."

बाहेर रस्त्यावरून एक रिकामी हातगाडी खडखडत गेली. अप्पांना वाटलं, आता हिच्याशी काहीतरी नीट बोलावं, चार वर्षांचं. पण जीभ उचलेना.

"राहशील का?" शेवटी त्यांनी एवढंच विचारलं. "प्लास्टर निघेपर्यंत म्हणत नाही. त्यानंतरही."

मुंगीने फडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. तिने लगेच हो म्हटलं नाही. तिथे तिची पाळी होती, तिच्या हाताखालच्या बाया होत्या, भाड्याची खोली होती. हे सगळं तिच्या चेहऱ्यावरून सरकत गेलेलं अप्पांना दिसलं.

"बघते," ती म्हणाली.

"बघ."

"पण राहिले तर काट्यावर. सगळं."

अप्पांनी मान हलवली. हो म्हणून हलवली की नाही म्हणून, ते अंधूक उजेडात नीट कळलं नाही. मग ते म्हणाले, "आधी माझ्या हाताने सगळी मापं भरून घे. पिठी, बारीक, ब्राउन, मैदा, सगळं. मी भरतो, तू तोल. नाहीतर तुझा काटा नुसते आकडे दाखवत बसेल."

"आत्ता?"

"नाहीतर कधी? मला झोप लागणार आहे का?"

मुंगीने स्टूल ओढलं, काटा त्याच्यावर ठेवला आणि मैद्याच्या पोत्याची शिवण उसवायला लागली.

"आता आणखी काय करताय?" दुकानातून आई ओरडली.

"काही नाही," दोघंही एकदम म्हणाली.